चौविहार आणि शुगरची वही



माझ्या सासूबाईंची शुगरची वही पाहून डॉक्टर म्हणाले, "आकडे आहेत, पण कधीचे?" वहीत नुसतं १५४, १२६, २१० असं लिहिलं होतं. आपल्या घरात तर हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा. चौविहार असला की सहाला जेवण आटोपतं आणि नवकारसी सकाळी. म्हणजे आपलं 'उपाशीपोटी' कधी बारा तासांचं, कधी चौदा तासांचं असतं.

मग मी प्रत्येक पानावर रकाने आखले: वेळ, आकडा, काय आणि किती खाल्लं, गोळी किती वाजता. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, ताट उचलल्यापासून नाही. रोज सात वेळा बोट टोचायची गरज नव्हती. एक दिवस नाश्त्याच्या आधी आणि नंतर, दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या, तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या. झोपतानाचा आणि सकाळचा आकडा मात्र रोज. हात धुऊन, कोरडे करूनच तपासायचं. एकदा पपई चिरून तसंच बोट टोचलं तर २४० आले, हात धुतल्यावर १४८!

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी वही शांतपणे वाचली. रात्री दहाला १२६, सकाळी सहाला १५४. मधे पाण्याचा थेंबही नाही, तरी आकडा वाढलेला, आणि हे बहुतेक रोज. ते म्हणाले, "हे जेवणाचं नाही. पहाटे यकृत स्वतःच साखर सोडतं." खात्रीसाठी एका रात्री तीनला तपासायला सांगितलं, शुगर खाली गेलेली नव्हती.

सासूबाई मात्र सकाळचा आकडा पाहून महिनाभर संध्याकाळचं जेवण कमी करत होत्या. त्याचा परिणामही वहीतच सापडला: 'अर्धी भाकरी, गोळी पूर्ण. रात्री नऊ, हात थरथरतात, घाम, ६६.' त्या रात्री चौविहार मोडेल म्हणून त्या साखर घ्यायला तयार नव्हत्या. मी जवळजवळ ओरडूनच तीन चमचे साखर पाण्यातून पाजली. पंधरा मिनिटांनी ९१ झाली.

डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी कमी केली, सकाळची बदलली आणि जेवण पूर्ण घ्यायला सांगितलं. त्या रात्रीचं ओझं मात्र सासूबाईंच्या मनावर होतं. स्थानकात महासतीजींना विचारलं. त्यांनी समजावलं की चौविहाराच्या पचक्खाणातच समाधीचा आगार आहे, अशा वेळी औषध घेतल्याने व्रतभंग होत नाही.

आता वहीच्या पहिल्या पानावर सासूबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलंय: '७० च्या खाली गेली, तर आधी साखर.' आणि एकासन, आयंबिल करायचं असेल तर चार दिवस आधी वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं, गोळी आपल्या मनाने सोडायची नाही, असं आमचं ठरलंय.