बंबाचा धूर गेला, पण पाहुणा राहिला

आमचं गाव अकोले. विदर्भातलं अकोला नाही हं, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं, कळसूबाईच्या तालुक्यातलं! पुण्यात वर्षभर गीझरचं बटण दाबणारी मी, दिवाळीत तिथे गेले की एकदम नॉस्टॅल्जिक होते. त्याचं कारण म्हणजे न्हाणीघरातला आजीचा तांब्याचा बंब.

बंबाचा फंडा एकदम सोपा. बाहेरून तांब्याचा पिंप, मधोमध उभी नळी, खाली जाळी. नळीत ढलप्या आणि पऱ्हाट्या पेटवायच्या, भोवतालचं पाणी तापतं, तोटी सोडली की बादली भरते. दोन वर्षांपूर्वी नरकचतुर्दशीला पहाटे माझा नंबर शेवटचा होता. बाहेर कडाक्याची थंडी. धूर केव्हाच गेला होता आणि नळीत नुसते लाल निखारे होते. मी खिडकीची फट पंचाने बुजवली, कडी लावली आणि मस्त उटणं लावत बसले.

आधी कपाळ जड झालं. मग मळमळ. उठायला गेले तर पायात जीवच नाही. तांब्या पडल्याचा आवाज ऐकून काकूंनी दाराला धडक दिली, म्हणून हा लेख लिहितेय.

दवाखान्यात बोटाला चिमटा लावला, तर ऑक्सिजन ९८! काका म्हणाले, "बघा, काही नाही, उपाशीपोटी चक्कर आली." पण डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजनचा मास्क लावला. रक्ताला ऑक्सिजन चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, हे त्या चिमट्याला ओळखताच येत नाही. आणि हा वायू रक्ताला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. साध्या हवेत रक्तातला त्याचा अर्धा भाग जायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास.

माझा गैरसमज तिथेच फुटला. मला वाटायचं, धोका धुरात आहे. धूर निदान डोळे चुरचुरवून बाहेर तरी काढतो. निखाऱ्यांना धूर नसतो, पण हवा कमी पडली की कोळशाचं जळणं अर्धवट राहतं आणि हा बिनवासाचा पाहुणा तयार होतो. निखाऱ्यांवर नाचणारी निळी ज्योत असते ना, ती त्याचीच. नळीवर झाकण ठेवलं की ज्योत विझते आणि वायू तसाच खोलीत येतो.

पुण्यात आल्यावर मी चक्क हिशेब मांडला. आमचं न्हाणीघर चार फूट बाय सहा, उंची आठ. म्हणजे साडेपाच हजार लिटरच्या आत हवा. एक ग्रॅम कोळसा असा अर्धवट जळला तर दोन लिटर वायू होतो. चार ग्रॅम, म्हणजे चिमूटभरच, जळला आणि खोली बंद असली, तर दहा लाख भाग हवेत सुमारे १५०० भाग विष! एवढ्यात वीसेक मिनिटांत डोकं गरगरतं आणि तासा-दोन तासांत जीव जाऊ शकतो. बंबात तर निखारे ओंजळभर असतात.

मग आठवलं, आजीला रोज सकाळी आंघोळीनंतर डोकं दुखायचं. ताप नाही, सर्दी नाही, अंगणात बसली की उतरायचं. सगळे म्हणायचे, "पित्त आहे."

काकांनी आधी बंबाला धुराडं लावून एक्झॉस्ट फॅन बसवायचं ठरवलं. डॉक्टरांनी अडवलं. बंद खोलीत पंखा हवा ओढायला लागला की धुराड्यातला वायूच उलटा आत येऊ शकतो. शेवटी बंब पडवीत उघड्यावर आला. नियम आता असे: आधी पाणी भरायचं, मगच जाळ, नाहीतर नळीचे सांधे वितळतात. पाणी बादलीने आत न्यायचं, निखारे कधीच नाही. राखेची घमेलीसुद्धा रात्री बाहेरच, कारण राखेखालचा निखारा तासन् तास धुमसतो.

बंब आत ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर पाणी तापेपर्यंत खोलीत कुणी थांबायचं नाही. निखारे बाहेर काढून, दार-खिडकी उघडी ठेवून हवा पूर्ण बदलू द्यायची आणि मगच आंघोळ. कुणी आत पडलंच, तर आधी त्याला ओढून मोकळ्या हवेत आणा, कांदा-चप्पल नंतर!

आणि तुम्ही फ्लॅटवाले, हसू नका. बाथरूममधला गॅस गीझर हा बंबाचाच शहरी भाऊ.

आजी अजून कुरकुरते, "पडवीतून बादली आणेस्तोवर पाणी निवतं गं." पण सकाळचं डोकं मात्र आता दुखत नाही.