कुणाला शिकवायचे नाही?

खाजगी क्लासांच्या पाट्या वाचण्याचा मला छंद आहे. ‘आठवी ते बारावी, सर्व बोर्डे, जेईई, नीट, सीईटी, शिवाय स्पोकन इंग्लिश’ अशी पाटी दिसली, की मी समजतो, आपले गिऱ्हाईक कोण हे मालकाला अजून उमगलेले नाही. डोंबिवलीला आमच्या भाच्याची पाटी थेट याच वळणाची होती. तीन खोल्या, नव्वद विद्यार्थी आणि डोक्यात एकच ध्यास : जेईईसाठी आणखी एक हॉल घ्यायचा. त्यापायी आईच्या पाटल्या गहाण टाकायला निघाला होता. मी आयुष्यभर हिशेबनीस, आणि पाटल्या माझ्या सख्ख्या बहिणीच्या. तेव्हा म्हटले, “अरे, आधी तुझे रजिस्टर तरी दाखव.”

रजिस्टरात मुलांची विभागणी होती ती हुशार, मध्यम आणि ढ अशी. ही मास्तरांची वर्गवारी झाली, दुकानदाराची नव्हे. मुलगा कोणत्या परीक्षेसाठी आला आणि आपल्याकडेच का आला, या दोन प्रश्नांवर गट पडले पाहिजेत. कारण त्यावरच किती तास शिकवायचे, कोणता मास्तर लागेल आणि बाप किती फी देईल, हे ठरते. तसे पाडल्यावर तीन गट निघाले : दहावीचे ३६, बारावी आणि सीईटीचे ४०, जेईईचे १४.

भाचा म्हणाला, “मामा, जेईईची फी नव्वद हजार, बारावीची पंचेचाळीस, दहावीची वीस. यात बघायचे काय?” बघायचे होते ते तास. भाडे आणि दिवाबत्ती तिन्ही गटांना सारखीच, म्हणून ती बाजूला ठेवली. टंचाई होती ती संध्याकाळच्या तासांची. जेईईची जमा १२ लाख ६० हजार. पण वर्षाचे ९०० तास, आणि बाहेरून येणारे शिक्षक तासाला हजार रुपये घेत. म्हणजे ९ लाख गेले. चार मुले मध्येच सोडून गेली, त्यांना निम्मी फी परत : आणखी १ लाख ८० हजार. उरले तेवढेच १ लाख ८० हजार; तासाला दोनशे रुपये! बारावीचे १८ लाख जमा, ६०० तास, तासाला सातशे खर्च. उरले १३ लाख ८० हजार, तासाला २,३००. दहावीचे ४०० तास, पाचशे दराने. तिथे तासाला १,३०० उरत होते.

पण एका वर्षाच्या आकड्यांवर निकाल देऊ नये. चौदा मुलांच्या तुकडीत चारजण गेले, हा योगायोगही असू शकतो. म्हणून जे चौकशी करून आले नाहीत, त्यांच्या घरी मी भाच्याला फोन करायला लावले. आलेला पालक तोंडावर गोडच बोलतो. खरे कारण न आलेल्याकडे मिळते. जेईईवाल्यांचे उत्तर एकच : आम्हांला देशभरच्या मुलांबरोबर सराव-परीक्षा आणि त्यातला क्रमांक हवा. ते तीन खोल्यांत कुठून येणार? बारावीवाल्यांना घराजवळचा क्लास आणि गणिताचा आधार हवा होता. त्या चाळीसांपैकी एकतीस जणांना दहावीच्या गणितात साठ ते ऐंशीच्या दरम्यान गुण होते. सीईटीच्या दोनशे गुणांत गणिताचे शंभर, प्रत्येक प्रश्नाला दोन, आणि चुकले तर गुण कापत नाहीत. अशा मुलाला नेमाचा सराव दिला, तर गुण वाढतात. आणि गणित हाच भाच्याचा हातखंडा विषय.

“मग दहावीही वाढवू,” तो म्हणाला. तिथली पंधरा मुले पुढे बारावीच्या तुकडीत आली होती, हे खरे. म्हणजे दहावीची किंमत तिच्या फीपेक्षा जास्तच. परंतु जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासमध्ये घेऊ नये, दहावीच्या परीक्षेनंतरच घ्यावे, असे आहे. आणि पन्नासांपेक्षा जास्त विद्यार्थ्यांची संस्था त्यांत मोडते. ज्या फांदीवर सरकारची कुऱ्हाड टांगलेली, तिच्यावर नवे घरटे कशाला?

हॉल घेतला नाही. जेईईच्या उरलेल्या मुलांचे वर्ष पुरे केले, नवी तुकडी भरली नाही, आणि सुटलेल्या तासांत सीईटीच्या गणिताची दुसरी तुकडी काढली. वर्गवारी खरी की कागदी, याची एक परीक्षा आहे : त्या गटाचा मुलगा दारात उभा राहताच ओळखता आला पाहिजे. आता भाचा आल्या-गेल्याला दोनच प्रश्न विचारतो : कोणती परीक्षा, आणि दहावीला गणितात किती?

गेल्या जूनमध्ये एक चुणचुणीत पोर जेईईसाठी आले. भाच्याने त्याला ठाण्याच्या मोठ्या क्लासचा पत्ता दिला. त्या रात्री त्याला जेवण गेले नाही, असे बहीण सांगत होती. सांगताना तिच्या हातांत पाटल्या होत्या.