मावळतीला तोंड करून

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरचं सगळं लक्ष मावळतीकडे लागलेलं असतं. ९, १० आणि ११ तारखेला सूर्याची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गरुडमंडप ओलांडतात आणि अंबाबाईच्या पायांपासून वर सरकत जातात. किरणं चेहऱ्यापर्यंत पोचली का, ढग आडवा आला का, हवेत बाष्प किती होतं, याची चर्चा मंगळवार पेठेतल्या कट्ट्यांवर रात्री उशिरापर्यंत चालते. २०२४ साली छठचं संध्याकाळचं अर्घ्य ७ नोव्हेंबरला होतं, म्हणजे किरणोत्सवाच्या दोनच दिवस आधी. त्या दिवशीही काही माणसं मावळत्या सूर्याकडे डोळे लावून उभी होती. त्यांची चर्चा मात्र पेठेत कुणी करत नव्हतं.

मी त्या वर्षी बऱ्याच काळानं पेठेत गेले होते. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्टमध्ये जळालं, ते बघायला जायचं धाडस होईना म्हणून खासबागेकडचा रस्ताच टाळला आणि आमच्या बोळात शिरले. तिथे आमचा वाडा नव्हता. तो पाडला आहे हे ठाऊक होतं, कागदांवर माझी सही कुणी मागितली नव्हती हेही ठाऊक होतं. आडाच्या जागी आता चारचाकी गाड्या उभ्या राहतात. त्या आडाच्या डाव्या हाताला एक खोली होती, तिला खिडकी नव्हती, आणि त्या खोलीत चाची राहायची.

चाची सिवानकडची. तिचा नवरा शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर होता; वाळूचे साचे ठोकून ठोकून त्याच्या तळव्यांना घट्टे पडलेले. पेठेतून उद्यमनगर चालत जाण्याएवढं जवळ, म्हणून त्यांनी आमच्याकडे खोली घेतली. घाटावरची छठ आता सगळ्यांनी टीव्हीवर बघितलेली आहे: कमरेएवढं पाणी, पिवळ्या साड्या, नाकापासून भांगापर्यंत ओढलेला शेंदूर. पण हे व्रत पार पडतं की मोडतं ते घाटावर ठरत नाही. ते आदल्या संध्याकाळी, बंद दाराआड ठरतं, आणि ते दार आमच्या वाड्यात होतं.

चार दिवसांचा क्रम असा. कार्तिक शुद्ध चतुर्थीला नहाय-खाय: न्हाऊन, सैंधव घालून केलेली दुधी भोपळ्याची भाजी, हरभऱ्याची डाळ आणि भात एकदाच जेवायचा. पंचमीला खरना. त्या दिवशी सकाळपासून पाणीसुद्धा नाही. सूर्य मावळल्यावर नव्या मातीच्या चुलीवर, आंब्याच्या लाकडांवर गुळाची खीर आणि पोळी करायची, देवाला दाखवायची आणि व्रत करणाऱ्या बाईनं एकटीनं बसून खायची. ते खाणं झालं की थेट सप्तमीच्या सूर्योदयापर्यंत, म्हणजे सुमारे ३६ तास, अन्नही नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. मधे षष्ठीच्या संध्याकाळी मावळत्या सूर्याला अर्घ्य, आणि सप्तमीच्या पहाटे पुन्हा त्याच पाण्यात उभं राहून उगवत्याला.

खरन्याचा नियम कडक आहे. खाताना कुणाची हाक कानावर आली किंवा दाताखाली खडा आला, तर घास तिथेच थांबवायचा. तोवर पोटात गेलं असेल तेवढ्यावर पुढचे ३६ तास काढायचे. मंगळवार पेठेसारख्या तालमींच्या, मंडळांच्या, दिवाळीचे उरलेसुरले फटाके आठवडाभर वाजवणाऱ्या पोरांच्या वस्तीत हा नियम पाळणं म्हणजे काय, ते चाचीलाच ठाऊक. आणि आमच्या आजीला.

आजीनं पहिल्या वर्षी तिला विरोधच केला होता. ‘अगं, पाण्याचा घोट तरी घे की. देव काय जीव घ्याया बसलाय व्हय?’ चाची हसली आणि म्हणाली, ‘अम्माजी, छठी मइया सब देख लेती है.’ त्यानंतर दर खरन्याला आजी दिवेलागणीच्या आधीच त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसायला लागली. समोरच्या घरातला रेडिओ ती बंद करायला लावायची. आम्हा पोरांना किल्ल्याजवळ बसवून ओठांवर बोट ठेवायची. आत चाची पानावर बसलेली, बाहेर आजी बसलेली, आणि आख्खा वाडा श्वास धरून. खोलीच्या फटीतून आंब्याच्या लाकडाचा धूर यायचा. तो सागवानासारखा झोंबत नाही, किंचित गोडसर असतो. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन, पण ती शांतता मला अजून ऐकू येते.

एका वर्षी ती मोडली. माझे सख्खे काका भाडं मागायला आले. महिना उलटून गेला होता, हे खरं. आजीनं हात वर करून त्यांना थांबवलं, पण ते तिला ओलांडून दारापर्यंत गेले आणि चाचीच्या नवऱ्याच्या नावानं खणखणीत हाक मारली. आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. थोड्या वेळानं चाचीनं दार उघडलं आणि उरलेली खीर प्रसाद म्हणून सगळ्यांना वाढली. काकांनाही. पानात पोळी जवळजवळ अख्खी होती. दोन घास झाले असतील, त्याहून जास्त नाहीत. आजी त्या रात्री काकांशी बोलली नाही, आणि मला वाटतं मीही तेव्हापासून त्यांच्याशी मोकळेपणानं बोललेले नाही.

त्याच दोन घासांवर चाचीनं दुसऱ्या दिवशी ठेकुआ तळले. धुऊन वाळवलेल्या गव्हाचं पीठ, गूळ, तूप, थोडी बडीशेप. लाकडी साच्यावर दाबून नक्षी उठवायची आणि मंद आचेवर तळायचे. इथे तिला कोल्हापूरचा गूळ शिकावा लागला होता. पाडव्याला आपल्या मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात आणि छठ त्यानंतर पाचव्या दिवशी, म्हणजे बाजारात नवा गूळ नुकता आलेला. नवा गूळ ओलसर असतो. गावाकडच्या मापानं घातला तर ठेकुआ तुपात पडताक्षणी कडेनं विरघळायला लागतो, साच्याची नक्षी पुसली जाते आणि तुकडा पडतो. चाची आधी एकच तळून बघायची. फुटला तर पिठात आणखी कोरडं पीठ मळायची, आणि गूळ भिजवायला पाणी जवळजवळ घ्यायचीच नाही. तळताना ती चव बघू शकत नव्हती, वासावर आणि रंगावरच सगळं चालायचं. घसा कोरडा पडलेल्या बाईनं गुळाच्या वासात दुपार काढायची, हे आजीला बघवायचं नाही. ती बाहेर आडावर जाऊन बसायची.

ऊस मिळायला अडचण नव्हती, तो पानांसकट हवा असायचा एवढंच. सूप बुरडाकडून यायचं. केळीचा घड, नारळ, पपनस, मुळासकट हळदीचं आणि आल्याचं रोप हे मंडईत जमायचं. सुथनी नावाचा एक कंद, आपल्या कोकणातल्या कणगीच्या जातीचा, तो मात्र कधी मिळाला नाही. मग गावाहून येणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून दोन-तीन यायचे, आणि चाची ते असे हातात धरायची की जणू माहेरचं माणूस आलंय.

२०२४च्या त्या छठला पंचगंगेच्या घाटावर मी चाचीला शोधलं. वाडा गेल्यावर ते शिरोलीकडे राहायला गेले, एवढंच मला माहीत होतं. घाटावर गर्दी होती, आणि दोनच दिवसांपूर्वी, नहाय-खायच्या दिवशीच, शारदा सिन्हा गेल्या होत्या. त्यांची गाणी वाजत होती आणि पायऱ्यांवरच्या बायका ती ऐकत रडत होत्या. चाची खालच्या पायरीवर बसलेली सापडली, पूर्ण पांढरी झालेली. पाण्यात तिची सून उभी होती. व्रत तिच्याकडे सोपवून दोन वर्षं झाली म्हणाली. सासूनं सुनेला द्यायचं आणि सुनेनं घेतलं की अधेमधे टाकायचं नाही, घरात कुणी गेलं तर त्या वर्षापुरतं थांबायचं, एवढीच सूट.

चाचीच्या मुलाच्या हातात फोन होता. फोनवर सिवानची नदी दिसत होती, आणि तिथे अर्घ्य कधीच देऊन झालं होतं. लोक टोपल्या डोक्यावर घेऊन घरी परतत होते. कोल्हापूर सिवानच्या पुष्कळ पश्चिमेला, त्यामुळे इथला सूर्य पाऊण तासाहून जास्त उशिरा मावळतो. तेवढा वेळ सून हातात सूप धरून पाण्यात उभी. तहान आदल्या संध्याकाळपासूनची, समोर वाहतं पाणी, आणि फोनमधल्या जावा म्हणतायत की आमचं झालं. चाची म्हणाली, ‘पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, इथला सूरज बुडतच नाही.’

खाली राजाराम बंधाऱ्यावर बरगे पडले की फुगवटा घाटापर्यंत येतो, आणि कुठल्या पायरीवर उभं राहायचं ते दरवर्षी नव्यानं बघावं लागतं. पुराचा गाळ पायऱ्यांवर राहिलेला असतो, त्यावर पाय सरकतो. चाचीनं सुनेला तिसरी पायरी सांगितली होती आणि नजर तिच्या पावलांवरच ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा गेले, आणि लहानपणी कधी लक्षात न आलेली गोष्ट दिसली. आपला घाट पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी या बायका नदीकडे बघतात, त्यांची शहराकडे पाठ असते. पहाटे मात्र सूर्य गावाच्या बाजूनं उगवतो, म्हणून त्यांना पाण्यात उभं राहून वळावं लागतं, आणि तेव्हा त्या सगळ्या आपल्याकडे, कोल्हापूरकडे तोंड करून उभ्या असतात. पंचांगातली सूर्योदयाची वेळ टळते, तरी घरांच्या आणि झाडांच्या वर सूर्य यायला आणखी काही मिनिटं जातात. काहीजणी पंचांगाच्या वेळेला अर्घ्य देतात. चाचीच्या घरी डोळ्यांना दिसल्याशिवाय देत नाहीत. थंडीनं सुनेचे ओठ निळे पडले होते, पण सूप हललं नाही. मुलानं सुपासमोर दुधाची धार धरली, मीही धरली.

पारणं आल्याच्या तुकड्यानं आणि गुळानं झालं. मग पाणी, एकेक घोट, एकदम नाही. इतका वेळ कोरडं राहिलेलं पोट घाईनं घेतलेलं पाणी उलटून टाकतं. सून बसल्यावर मी विचारलं, शिरोलीच्या त्या खोलीत खरना कसा पार पडतो? एका गॅलरीत आठ दारं, त्यात कुणाची रात्रपाळी, कुणाचा टीव्ही. ती म्हणाली, ‘मांजी बाहेर बसतात. पाट टाकून.’

निघताना चाचीनं ठेकुआचे दोन पुडे दिले. एक माझा, एक काकांचा. मी म्हटलं, त्यांच्याकडे माझं जाणं-येणं नाही. ती म्हणाली, प्रसादाला त्याचं काय? दुपारी मी गेले. काकांनी पुडा घेतला, उघडून बघितला, आणि कुठली चाची ते त्यांना आठवेना. मग मी त्यांच्यासमोर बसले आणि त्या संध्याकाळचं सगळं, हाकेपासून पानातल्या पोळीपर्यंत, त्यांना सांगितलं.