आधी तारीख, मग भाव

"ताटाला किती घेता?" केटररकडे येणाऱ्या फोनची सुरुवात बहुतेक वेळा याच प्रश्नाने होते. "चारशेपासून पुढे," असं उत्तर जातं. पलीकडून "बरं, घरी विचारून कळवतो" येतं आणि फोन बंद होतो. वहीत ना नाव, ना तारीख, ना नंबर. केटररला वाटतं, गिऱ्हाईक भाव काढणारं होतं. माझं मत वेगळं आहे. ते गिऱ्हाईक कार्य ठरवूनच फोन करत होतं, आपणच त्याला जाऊ दिलं.

केटररच्या ऑफिसात फोन घेणाऱ्यांना काय बोलायचं ते लिहून देणं आणि त्यांच्याकडून ते घोटवून घेणं, हे माझं काम. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्तांचे फोन सुरू होतात. एकाच तारखेसाठी एकच घर दुपारभरात चार-पाच केटररना फोन करतं. भावाखेरीज दुसरं काय विचारायचं हे त्या घराला माहीत नसतं, म्हणून ते भाव विचारतं. 'चारशे' या आकड्याला मात्र एकट्याने काही अर्थ नसतो. त्यात गोड एक की दोन, वाढपी धरलेत का, पाण्याच्या बाटल्या कुणाच्या, जीएसटी आत की बाहेर, यातलं काहीच कळत नाही. मग शेजारचा केटरर 'साडेतीनशे' म्हणाला की तो स्वस्त ठरतो, भले त्याचं शेवटचं बिल जास्त होवो.

यावर भाव लपवणं हा उपाय नव्हे. भाव विचारणाऱ्याला टोलवलं की तो चिडतो, आणि त्याचं चिडणं बरोबरच असतं. माझ्या संवादातलं पहिलं वाक्य असं आहे : "सांगते ना काका. कार्य कुठल्या तारखेला आहे? त्या दिवशी आम्ही मोकळे आहोत का ते आधी बघते, नाहीतर उगाच तुमचा वेळ जायचा." भाव सांगणार हे त्याला कळतं आणि तारखेचा प्रश्न त्याच्याच सोयीचा असल्यामुळे तो खटकत नाही. तारीख मिळाली की फोन सुटत नाही, कारण आता बोलणं एका ठरावीक दिवसाबद्दल सुरू झालेलं असतं.

त्यानंतर तीन प्रश्न, याच क्रमाने. कार्य कोणतं, जागा कुठली, पानं किती. कार्य विचारलं की मेन्यू अर्धा ठरतो. साखरपुड्याला संध्याकाळचा बुफे चालतो, मुंजीला सकाळचा नाष्टा लागतोच. जागेचा प्रश्न तर विसरताच कामा नये. अनेक कार्यालयांत त्यांचा ठरलेला केटरर असतो किंवा बाहेरच्याला जादा पैसे भरावे लागतात. हे कळायच्या आत चव दाखवून, कोटेशन देऊन बसलेले केटरर मी पाहिले आहेत. पानांचा प्रश्न शेवटी, कारण तिथे गिऱ्हाईक अडखळतं आणि तोवर बोलण्यात थोडी ओळख झालेली असते.

एक फोन उदाहरणादाखल घेऊ. मुंज, फेब्रुवारीतला रविवार, बाहेरचा केटरर चालणारं कार्यालय. "अडीचशे पानं" असं मुलाची आई सांगते. इथे फोन घेणारी मुलगी लगेच गुणाकार करत नाही. ती विचारते, "ताई, आमंत्रणं अडीचशे माणसांना की येणारी अडीचशे?" ताई थांबतात. रविवार असल्यामुळे नोकरदार मंडळीही येतील, पण बाहेरगावच्या काहींचं नक्की नाही. शेवटी ठरतं : 220 पानं खात्रीची, वर 30 पानांची तयारी, आणि ती जेवली तरच त्याच दराने बिलात. नाष्टा फक्त घरच्या 100 माणसांचा.

आता भाव, आणि तो पदार्थांसकट. "मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुरी, भजी, जिलेबी आणि मठ्ठा. पंगतीत वाढून, वाढपी आमचे. ताट 450. नाष्ट्याला उपमा, शिरा, चहा-कॉफी, 110." मग लगेच एकूण : जेवणाचे 99,000, नाष्ट्याचे 11,000, मिळून 1,10,000. त्यावर 5 टक्के जीएसटी धरून 1,15,500. ताईंच्या कागदावर आता पूर्ण आकडा आहे. नुसता 'चारशे' सांगणाऱ्या बाकीच्यांना त्या आता आपणहून विचारतील, "यात वाढपी धरलेत का?" याहून चांगली तुलना केटररला दुसरी मिळायची नाही.

इथवर आलेले फोनही शेवटच्या वाक्याला निसटतात. "विचार करून कळवा" म्हणून फोन ठेवला की पुढचं पाऊल गिऱ्हाईकावर सोडलं जातं, आणि कार्याच्या घरात ते राहून जातं. म्हणून संवाद असा संपतो : "ताई, शनिवारी आमच्याकडे एका साखरपुड्याचा स्वयंपाक आहे. 11 वाजता चव बघायला या, निर्णय घेणाऱ्या सगळ्यांनाच आणा. तोवर तारीख तुमच्या नावावर धरते. शनिवारी संध्याकाळी 6 पर्यंत ॲडव्हान्स आला नाही तर ती मोकळी करेन, पण त्याआधी तुम्हाला फोन करेन." निर्णय घेणाऱ्यांना आणा म्हणण्यालाही कारण आहे. फोन आई करते, पण होकार बहुधा आजी किंवा थोरले काका देतात. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलेलं नसेल तर सगळं पुन्हा भावावर येतं.

यात एक अट मी कधी सोडत नाही. धरलेली तारीख खरोखर धरायची. कुणीच विचारत नसताना "दुसरी पार्टी तयार आहे" हे वाक्य माझ्या कागदावर नसतं. गावात नातीगोती आणि व्हॉट्सॲप ग्रुप एकमेकांत गुंतलेले असतात, खोटं आठवड्यात उघडं पडतं. तारीख भरलेली असेल तर तसं सांगायचं आणि जमेल तर दुसऱ्या केटररचं नाव द्यायचं.

पंगत सुरू असताना फोन आला तर पूर्ण संवाद करायला जायचंच नाही. मागे भांड्यांचा आवाज, पुढे जिलेबी मागणारा वाढपी, अशात चुकीचा आकडा तोंडातून जातो. नाव, तारीख घ्यायची आणि "4 वाजता मी फोन करते" सांगून 4 वाजता करायचा.

संवाद चालतो की नाही हे वहीवरून कळतं. प्रत्येक फोनपुढे तो कुठे तुटला ते लिहा. तारीख मिळायच्या आधी तुटत असतील तर पहिलं वाक्य किंवा बोलण्याचा सूर बदला. एकूण आकड्यानंतर तुटत असतील तर आपला भाव त्या घरांना जड आहे, किंवा आपण पदार्थ न सांगता आकडा सांगतोय. आणि चव बघून गेल्यावर तुटत असतील, तर फोनवाल्या मुलीला बोल लावू नका. ते काम आचाऱ्याचं आहे, कागदावरचं कुठलंही वाक्य तिथे पुरं पडत नाही.

केटरर मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे. या हंगामात भावपत्रक छापण्याआधी फोनशेजारी चार ओळी लिहून चिकटवा : तारीख, कार्य, जागा, पानं. त्या चारांची उत्तरं मिळेपर्यंत भाव सांगू नका, आणि मिळाली की पूर्ण भाव सांगितल्याशिवाय फोन ठेवू नका.