एका 'एस'ची किंमत

गेली काही वर्षे आम्ही काही मित्र नोकरीला लागलेल्या आमच्या तरुणांची इंग्रजी मेल पाठवण्याआधी वाचून देतो. बहुतेकांचे शिक्षण मराठी माध्यमात झालेले. कामात ते पक्के असतात, पण चार शब्द वारंवार चुकतात : इन्फर्मेशन्स, अ‍ॅडव्हायसेस, फीडबॅक्स आणि स्टाफ्स. एका मुलाने खपून तयार केलेला अहवाल त्याच्या साहेबांनी "आधी इंग्रजी सुधारा" एवढ्या शेऱ्यासह परत पाठवला. आतल्या आकड्यांबद्दल चकार शब्द नाही. म्हणून हा विषय किरकोळ समजून चालणार नाही.

मुळात हा बुद्धीचा प्रश्नच नाही. फ्रेंच आणि जर्मन भाषांत 'इन्फर्मेशन'चे अनेकवचन राजरोस होते, इंग्रजीत होत नाही. कोणती वस्तू मोजायची आणि कोणती न मोजता ढीग म्हणून पाहायची, हा प्रत्येक भाषेचा आपापला रिवाज असतो. आपल्या मराठीतही तो आहे. "मला तीन माहित्या हव्यात" असे आपण म्हणत नाही. मग 'इन्फर्मेशन' लिहिताना 'माहिती' आठवावी, 'एस' आपोआप गळून पडेल.

अडचण पुढच्या शब्दांत आहे. मराठीत दोन सल्ले देता येतात, पाच प्रतिक्रिया येतात. इथे मराठीचा आधार घेतला की चूक ठरलेली. इंग्रजीत अ‍ॅडव्हाइस आणि फीडबॅक हे दोन्ही ढीगच आहेत. शंका आली तर शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी शब्दकोश उघडावा. अशा नामापुढे तिथे बहुधा 'अनकाउंटेबल' असे लिहिलेले असते किंवा त्याचे 'यू' हे आद्याक्षर असते. स्पेलचेकवर मात्र विसंबू नये. अ‍ॅडव्हायसेस आणि स्टाफ्स हे शब्द वेगळ्या अर्थाने इंग्रजीत आहेत, त्यामुळे त्यांच्याखाली लाल रेघ येईलच असे नाही.

आता एक नमुना पाहू. आमच्याकडे येणाऱ्या मेलचा साचा साधारण असा असतो :

"थँक यू फॉर युवर अ‍ॅडव्हायसेस. वी हॅव कलेक्टेड मेनी इन्फर्मेशन्स. ऑल स्टाफ्स हॅव गिव्हन देअर फीडबॅक्स. दे आर अटॅच्ड."

बरेच जण नुसता 'एस' खोडतात आणि थांबतात. मग 'मेनी इन्फर्मेशन' उरते, म्हणजे चूक फक्त जागा बदलते. आमची पद्धत अशी : 'एस' खोडला की त्या शब्दाच्या डावीकडे पाहायचे, मग उजवीकडे. डावीकडे 'मेनी' असेल तर 'अ लॉट ऑफ' करायचे, 'दीज' असेल तर 'धिस', आणि 'अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस' असेल तर 'सम अ‍ॅडव्हाइस'. उजवीकडे 'आर'चे 'इज' करायचे आणि पुढच्या वाक्यात 'दे' आले असेल तर त्याचे 'इट'. दुरुस्त मेल अशी होते :

"थँक यू फॉर युवर अ‍ॅडव्हाइस. वी हॅव कलेक्टेड अ लॉट ऑफ इन्फर्मेशन. ऑल स्टाफ मेंबर्स हॅव गिव्हन देअर फीडबॅक. इट इज अटॅच्ड."

कुणी विचारेल, मोजायचेच असेल तर? साहेबांनी खरोखर तीन गोष्टी सुचवल्या असतील तर? 'थ्री पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस' बरोबरच आहे, पण कार्यालयीन मेलमध्ये शब्दच बदलणे अधिक सोयीचे. 'थ्री सजेशन्स' लिहा. फीडबॅक मोजायचा तर 'फाइव्ह कमेंट्स', माहिती मोजायची तर 'टू डिटेल्स'. हे शब्द मोजता येतात, त्यामुळे मेनी, दीज, आर सगळे बिनधास्त वापरता येते.

स्टाफची गोष्ट थोडी वेगळी. तो ढीग नाही, माणसांचा समूह आहे. म्हणून ब्रिटिश वळणात 'द स्टाफ आर' चालते आणि अमेरिकन वळणात 'द स्टाफ इज'. दोन्ही बरोबर, फक्त एका मेलमध्ये एकच वळण ठेवावे. एका माणसाला 'अ स्टाफ' म्हणू नये, 'अ स्टाफ मेंबर' म्हणावे. दोन वेगळ्या संस्थांच्या कर्मचारीवर्गांबद्दल बोलत असाल तर मात्र 'स्टाफ्स' योग्यच आहे.

असाच अपवाद हिशेब खात्यात भेटतो. पैसे पाठवल्याची जी सूचना जाते तिला 'रेमिटन्स अ‍ॅडव्हाइस' म्हणतात. तो एक कागद आहे, मोजता येतो, म्हणून तिथे 'अ‍ॅडव्हायसेस' अचूक. मित्रांनो, नियम कळल्याच्या भरात तिथला 'एस' खोडाल आणि बरोबर लिहिणाऱ्यालाच चुकीचे ठरवाल. खोडण्याआधी एवढेच विचारा : इथे सल्ल्याबद्दल बोलणे चालले आहे की कागदाबद्दल?