तारीख तीन महिने मागे

हिशेब तपासायला येणाऱ्या एक्सेल फायलींमध्ये मी सर्वांत आधी तारखेचा रकाना पाहतो. आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते, पण एक्सेलच्या लेखी वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. पिव्होट टेबलला तिमाहीनुसार गट पाडायला सांगितले, तर ते जानेवारी ते मार्चला पहिली तिमाही धरते. आपल्याकडे ती चौथी. म्हणून प्रत्येक व्यवहारापुढे आर्थिक वर्ष आणि तिमाही असे दोन रकाने आपणच भरावे लागतात.

त्यासाठी लांबलचक IF लिहिण्याची गरज नाही. आर्थिक वर्ष नेहमीच्या वर्षापेक्षा तीन महिने उशिरा सुरू होते. तेव्हा तारीखच तीन महिने मागे नेली की एप्रिलचा जानेवारी होतो, मार्चचा डिसेंबर होतो आणि दोन्ही वर्षे जुळतात. तारीख A2 मध्ये असेल तर B2 मध्ये वर्ष आणि C2 मध्ये तिमाही अशी काढावी:

```
=YEAR(EDATE(A2,-3))&"-"&RIGHT(YEAR(EDATE(A2,-3))+1,2)
=ROUNDUP(MONTH(EDATE(A2,-3))/3,0)
```

१५ जानेवारी २०२५ घेऊ. तीन महिने मागे गेल्यावर १५ ऑक्टोबर २०२४ येते. वर्ष २०२४, म्हणून 2024-25. महिना दहावा, दहाला तीनने भागून वरचा पूर्णांक घेतला की चौथी तिमाही. ३१ मेच्या मागे तीन महिन्यांवर ३१ फेब्रुवारी नसतो, तिथे EDATE फेब्रुवारीचा शेवटचा दिवस देते. महिना बदलत नाही, त्यामुळे उत्तरही बिघडत नाही.

काही जण EDATE ऐवजी A2-90 लिहितात. इथे मोठा धोका आहे, कारण साध्या वर्षी आर्थिक वर्ष बरोबर येते. लीप वर्षात मात्र ३१ मार्च हा वर्षाचा ९१ वा दिवस. ३१ मार्च २०२४ मधून ९० दिवस वजा केले की १ जानेवारी २०२४ येते आणि मार्चअखेरच्या सगळ्या नोंदी 2024-25 मध्ये जाऊन बसतात. तिमाही तर साध्या वर्षीही चुकते: ३० जून २०२३ दुसऱ्या तिमाहीत दिसते. म्हणून सूत्र तपासताना वर्षाच्या मधली तारीख घेऊ नये. ३१ मार्च, १ एप्रिल, ३० जून, १ जुलै अशा कडेच्या तारखा घ्याव्यात, आणि एक वर्ष लीप असावे.

सूत्र अचूक असूनही उत्तर चुकते, ते तारखेमुळे. बँकेची सीएसव्ही फाइल आधी दिवस, मग महिना लिहिते. संगणकाची सेटिंग अमेरिकी असेल आणि फाइल थेट उघडली, तर ३ एप्रिल २०२४ म्हणजे 03/04/2024 ही ४ मार्च होते. नव्या वर्षातला खर्च गुपचूप जुन्या वर्षात जातो. 25/04/2024 ला पंचविसावा महिना सापडत नाही, म्हणून ती नुसता मजकूर राहते, डावीकडे चिकटते आणि सूत्र #VALUE! दाखवते. ही चूक दिसते तरी. उलटलेली तारीख मात्र ISNUMBER च्या चाचणीतही पास होते. ओळखण्याची खूण अशी: खऱ्या तारखा झालेल्या नोंदींत बारापेक्षा मोठा दिवस एकही नसतो आणि क्रमाने असलेल्या उताऱ्यात तारखा मध्येच पुढेमागे उड्या मारतात. अशा वेळी एकेक तारीख हाताने दुरुस्त करत बसू नये. मूळ फाइल पुन्हा आयात करावी आणि तारखेच्या रकान्याला DMY क्रम सांगावा.

कोणती तारीख घ्यायची, हे सूत्र ठरवत नाही. सल्लागाराचे २८ मार्च २०२४ चे बिल त्याच दिवशी खात्यात जमा धरले आणि पैसे ५ एप्रिलला दिले, तर टीडीएससाठी जमा किंवा प्रदान यांपैकी आधीची तारीख लागते. म्हणजे 2023-24 ची चौथी तिमाही. सूत्राला बँकेची तारीख दिली, तर ते तितक्याच ठामपणे पुढच्या वर्षाची पहिली तिमाही सांगेल. म्हणून नोंदीची आणि प्रदानाची तारीख असे दोन वेगळे रकाने ठेवावेत, असा माझा आग्रह असतो.

भांडवली नफ्यासाठी तर या तिमाहीच चालत नाहीत. विवरणपत्रात त्याची विभागणी अग्रिम कराच्या तारखांनुसार पाच कालखंडांत मागतात: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च आणि ३१ मार्चपर्यंत. तिथे F2 ते F6 मध्ये त्या वर्षाच्या १ एप्रिल, १६ जून, १६ सप्टेंबर, १६ डिसेंबर आणि १६ मार्च या तारखा लिहाव्यात आणि तिसरा वेगळा रकाना करावा:

```
=MATCH(A2,F$2:F$6,1)
```

यातून १ ते ५ असा कालखंडाचा क्रमांक मिळतो. २० जूनची विक्री तिमाहीच्या रकान्यात पहिली असते, या रकान्यात दुसरी. आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.