साठ दिवसांचं कास्टिंग

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत एस.जी. आयर्नची हीट चालू असताना भट्टीपाशी उभं राहिलं, तर घड्याळाचा खरा धाक काय असतो ते कळतं. लॅडलच्या तळाशी मॅग्नेशियमचा मिश्रधातू ठेवलेला असतो, त्यावर पत्र्याच्या कात्रणाचा थर असतो. वितळलेलं लोखंड त्यावर पडलं की डोळे दिपवणारा पांढरा झोत उठतो. मॅग्नेशियम साधारण ११०० अंशांनाच उकळतं आणि लोखंड असतं १४०० अंशांच्या वर, त्यामुळे हा भडका उडणारच. तो शमला की मुदत चालू झाली. लोखंडात उरलेलं मॅग्नेशियम मिनिटागणिक कमी होत जातं आणि साधारण दहा मिनिटांत ओतकाम उरकलं नाही, तर ग्राफाइटचे गोल दाणे नीट बनत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली ते वेडेवाकडे दिसतात आणि लवचिक म्हणून विकायचं कास्टिंग ठिसूळ निघतं.

या दहा मिनिटांत कोणी फोन घेत नाही, कोणी ‘जरा बघू’ म्हणत नाही. काम दहा मिनिटांचं असतं आणि ते दहा मिनिटांतच होतं.

त्याच फाउंड्रीच्या ऑफिसात वरच्या मजल्यावर नव्या कास्टिंगचं ड्रॉइंग आठवडाभर टेबलावर पडलेलं असतं. माणसं तीच, मालक तोच. पण तिथे आठवड्याची मुदत दिलेली असते, म्हणून आठवडा लागतो. फाउंड्र्यांच्या उत्पादन-नियोजनात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना हा फरक रोज दिसतो. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच.

काम उपलब्ध वेळेइतकं पसरतं, हे सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज इतिहासकाराने १९५५ च्या नोव्हेंबरात ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये लिहिलं. पुढे ते वाक्य त्याच्या नावाचा नियम म्हणून जगभर फिरलं, पण त्याचा लेख आळशी माणसांबद्दल नव्हता. त्याचा रोख सरकारी कचेऱ्यांवर होता. ब्रिटिश नौदलाचे आकडे त्याने मांडले होते. १९१४ ते १९२८ या काळात सेवेतल्या मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या, आणि त्याच काळात नौदल मुख्यालयातले अधिकारी २,००० वरून ३,५६९ वर गेले. जहाजं घटत गेली तरी कागद घटले नाहीत. लेख थट्टेच्या सुरात होता. त्यातला ‘नियम’ कोणी प्रयोगशाळेत सिद्ध केलेला नव्हता, हे व्यवस्थापनाच्या शिबिरांत सांगायचं बहुधा राहून जातं.

प्रयोग नंतर झाला. १९६६ मध्ये एलियट अ‍ॅरनसन आणि युजीन जेरार्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना एक छोटं भाषण तयार करायला पाच मिनिटं दिली, तर काहींना पंधरा. पंधरावाल्यांनी जास्त वेळ लावला, यात नवल नाही. पुढचा भाग मात्र कारखानदाराने नीट ऐकण्यासारखा आहे. दुसऱ्या भाषणाला वेळेचं बंधन नव्हतं, तरीही आधी ऐसपैस वेळ मिळालेल्यांनीच पुन्हा जास्त वेळ घेतला. सैल मुदतीची सवय पुढच्या कामातही बरोबर येते.

नवं कास्टिंग तयार करण्याचं एक काम उलगडून पाहू. समजा, पंपाचं केसिंग आहे. ग्राहकाने पहिले मंजूर नमुने देण्यासाठी साठ दिवस दिलेत. पुढचे आकडे एका विशिष्ट कारखान्याचे नाहीत, अशा कामांत नेहमी दिसणाऱ्या प्रमाणावरून बेतलेले आहेत.

आधी ड्रॉइंगचा अभ्यास होतो. लोखंड साच्यात कुठून शिरणार, रायझर कुठे बसणार, आटण्यासाठी आणि मशिनिंगसाठी किती माप वाढवायचं, हे त्यात ठरतं. या टप्प्याला सात दिवस धरलेले असतात. मग पॅटर्न आणि कोअर बॉक्स, त्याला एकवीस. साचा करून पहिलं ओतकाम, पाच. फेटलिंग आणि तपासणी, पाच. पहिला नमुना सहसा पास होत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून दुरुस्ती आणि दुसऱ्या नमुन्यासाठी चौदा. शेवटी मशिनिंगची चाचणी आणि ग्राहकाचे कागद, आठ. झाले साठ.

आता एक साधी वही ठेवायची. तिच्यात रोज संध्याकाळी दोनच रकाने भरायचे: आज या कामाला हात लागला की ते पडून होतं. साठ दिवसांअखेर हात लागलेले दिवस मोजले, तर ते पंचविसाच्या आगेमागे निघतात. बाकीचे दिवस प्रत्येक टप्प्याच्या पोटात लपलेले असतात. कारण साधं आहे. प्रत्येक जण आपल्या टप्प्याला थोडी गादी घालून मुदत सांगतो. पॅटर्नवाल्याला बारा दिवस पुरतात, पण लाइट गेली तर, कारागीर गावी गेला तर, म्हणून तो एकवीस सांगतो. एकवीस मिळाले की पहिले आठ दिवस तो दुसऱ्याचं काम उरकतो. मग खरोखर लाइट जाते आणि एकविसाचे तेवीस होतात. गादी घातली आणि आधीच खर्चूनही टाकली.

म्हणून मालक काय करतो? सगळ्यांच्या मुदती निम्म्या करतो. हे फसतं, आणि ठरलेल्या पद्धतीने फसतं. पुढच्या वेळी पॅटर्नवाला एकवीसऐवजी बेचाळीस सांगतो, म्हणजे निम्मे करूनही त्याचे एकवीस त्याच्याकडेच राहतात.

इस्रायली लेखक एलियाहू गोल्डरॅटने १९९७ च्या ‘क्रिटिकल चेन’ या कादंबरीत याला एक तोड सुचवली. प्रत्येक टप्प्यातली गादी काढून घ्यायची, पण फेकून द्यायची नाही. तिचा निम्मा भाग सगळ्या कामाच्या शेवटी एकत्र ठेवायचा. आपल्या केसिंगच्या बाबतीत टप्पे असे होतील: तीन, तेरा, दोन, तीन, सात आणि चार, एकूण बत्तीस दिवस. साठातून अठ्ठावीस निघाले, त्यांचे निम्मे चौदा शेवटी राखीव. ग्राहकाला शब्द द्यायचा सेहेचाळीस दिवसांचा.

राखीव चौदा दिवस कोणा एकाचे नाहीत, म्हणून ते आधीच कोणी खर्चत नाही. पॅटर्नवाल्याला तेराऐवजी सतरा लागले, तर त्याला कोणी फैलावर घेत नाही. राखीवमधून चार दिवस वजा होतात, इतकंच. अभ्यासाचा टप्पा दोन दिवसांत संपला असेल, तर एक दिवस परत जमा होतो. एकूण खर्च तीन. चौदाचे तीन भाग करून पहिल्या भागात म्हणजे साडेचार दिवसांपर्यंत कोणी काही विचारायचं नाही, असा संकेत ठेवला तर माणसं खोटं बोलायचं थांबवतात. दुसऱ्या भागात शिरलं की उपाय ठरवून ठेवायचा, तिसऱ्यात शिरलं की तो अमलात आणायचा.

पुढे पहिला नमुना कापला, तर रायझरच्या मानेखालच्या जाड भागात आटण्याची पोकळी दिसली. रायझर मोठा करायचा, मानेचं माप बदलायचं, पॅटर्न पुन्हा पाठवायचा. सातऐवजी दहा दिवस गेले. राखीवमधला खर्च झाला सहा दिवस, म्हणजे दुसरा भाग सुरू झाला. आता नियोजकाने मशीन शॉपला फोन करून शेवटच्या चार दिवसांसाठी मशीन आधीच राखून ठेवायचं. काम अडतिसाव्या दिवशी संपतं. सेहेचाळीसचा शब्द दिलेला असतो, साठाचा तर प्रश्नच नाही.

या पद्धतीत रोजचा प्रश्नही बदलावा लागतो. ‘किती टक्के झालं?’ असं विचारलं की उत्तर कायम नव्वद टक्के येतं आणि ते पंधरा दिवस नव्वदच राहतं. ‘अजून किती दिवस लागतील?’ असं विचारलं की माणसाला हातातल्या कामाकडे बघूनच बोलावं लागतं.

मात्र सगळाच वेळ माणसाचा नसतो. साच्यात लोखंड थंड व्हायला लागणारा वेळ जाडीवर ठरतो. मुदतीच्या नादात नॉकआउट लवकर केला, तर कास्टिंगच्या बारीक कडा कडक होतात, आत ताण राहतो आणि मशिनिंगला टूल तुटायला लागतात किंवा तडा दिसतो. तडे गेलेलं कास्टिंग बघून मालक वाळूला दोष देतो, पण खरा दोष त्या संध्याकाळी दिलेल्या घाईच्या आदेशाचा असतो. धातूच्या वेळेला नियोजकाने हात लावू नये.

दुसरी गफलत रांगेची. उद्यमनगरातल्या पॅटर्नवाल्याच्या टेबलावर चार कारखान्यांची कामं एकदम असतात. तुमचं पॅटर्न पडून आहे ते काम पसरलंय म्हणून नाही, त्याच्या पुढे तीन जण आहेत म्हणून. तिथे मुदत कमी करून काहीच होत नाही. ओरडणाऱ्याचं काम पुढे जातं आणि बाकी तिघांचं मागे, एवढंच. वहीतल्या ‘पडून’च्या रकान्यात कारण लिहिलं, तर दोन्ही रोग वेगळे ओळखता येतात. ज्याला हातच लागला नाही ते रांगेत आहे. ज्याला रोज हात लागतो, रोज थोडी पॉलिश होते आणि तरी संपत नाही, ते पसरतंय. रांगेवर उपाय म्हणजे टेबलावर एका वेळी दोनच कामं ठेवणं, आणि त्यासाठी चौघा ग्राहकांपैकी दोघांना ‘थांबा’ म्हणावं लागतं. हे सांगायला पॅटर्नवाल्याचं मन धजत नाही, आणि त्याचं चुकतं असंही म्हणवत नाही. गेलेला ग्राहक कोण परत आणणार?

खोटी मुदत हा तिसरा प्रकार. ‘गुरुवारी कंपनीचे साहेब येणार आहेत’ असं खोटंच सांगून सुपरवायझर माणसं पळवतो. पहिल्या खेपेला सगळे रात्री थांबतात. गुरुवारी कोणी येत नाही. दुसऱ्या खेपेला खरे साहेब आले, तरी काम अर्धंच असतं. लॅडलपाशी कोणाला ओरडावं लागत नाही, कारण तिथली मुदत सुपरवायझरने ठरवलेली नसते आणि ती पाळली नाही तर काय होतं हे प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

सगळ्यात अवघड अडचण पैशाची आहे. तेरा दिवसांत पॅटर्न देणाऱ्याला मालक पुढच्या खेपेला म्हणतो, ‘मागे तेरात दिलं होतंस, या वेळी दहात दे आणि दरही कमी कर.’ असं एकदा झालं की तो कारागीर दहाव्या दिवशी तयार झालेलं पॅटर्न विसाव्या दिवसापर्यंत कपाटात ठेवतो, आणि जगातलं कुठलंही नियोजन त्याला ते बाहेर काढायला लावू शकत नाही. राखीव दिवसांवरही मालकाची नजर असते: बत्तीस अधिक चौदा असा हिशेब कागदावर दिसला की तो ग्राहकाला बत्तीसचाच शब्द देऊन मोकळा होतो. म्हणून ही पद्धत आणताना पहिली बैठक कारागिरांबरोबर नव्हे, मालक आणि विक्रीवाल्यांबरोबर घ्यावी. दोन गोष्टी तिथे लेखी ठराव्यात: लवकर दिलेल्या कामाचा दर वर्षभर बदलणार नाही, आणि राखीव दिवस विकले जाणार नाहीत. हे मान्य होत नसेल, तर साठ दिवस साठच ठेवावेत.